शनिवार-रविवारचा थीटा नेमका कोण खातो: शीट बनवतानाच्या नोंदी

4 एप्रिल 2025, शुक्रवार, रात्री

धरमपेठेतला माझा एक मित्र दर शुक्रवारी साडेतीनच्या तोंडावर निफ्टीचा ॲट द मनी स्ट्रॅडल, म्हणजे चालू भावाजवळच्या एकाच स्ट्राइकचे कॉल आणि पुट दोन्ही, विकतो आणि सोमवारी सव्वानऊला उचलतो. त्याचं म्हणणं, दोन दिवस बाजार बंद, भाव हलू शकत नाही, आणि थीटा, म्हणजे दिवस सरतील तशी ऑप्शनच्या भावात होणारी घट, मात्र तीन दिवसांचा भेटतो, फुकटचा पैसा. मला ते कधीच पटलं नाही, पण चहाच्या टपरीवर वाद घालण्यापेक्षा शीट बनवून बघू म्हटलं. कुणाला असंच काही करायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडतील.

काम साधं आहे. एकाच ऑप्शनला दोन घड्याळं लावायची. एक कॅलेंडरचं, म्हणजे वर्षाचे 365 दिवस, शनिवार असो की रविवार टिकटिक चालूच. दुसरं बाजाराचं, जे बाजार चालू असताना पळतं आणि बंद असताना जवळजवळ थांबतं. मग शुक्रवार संध्याकाळ ते पुढचं उघडणं एवढ्या वेळात प्रत्येक घड्याळ किती घट सांगतं ते मांडायचं.

आजचा बंद भाव 22,904.45. पुढच्या आठवड्याची एक्सपायरी गुरुवारी नाही, कारण 10 तारखेला महावीर जयंतीची सुट्टी, म्हणून बुधवारी 9 ला. म्हणजे कॅलेंडरने 5 दिवस उरले, बाजाराने 3. पहिली पंचाईत इथेच झाली, शीटमध्ये एक्सपायरी म्हणून 'पुढचा गुरुवार' असा फॉर्म्युला होता आणि तो 6 दिवस दाखवत बसला. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या शीटला महावीर जयंती माहीतच नाही." आता सुट्ट्यांची यादी वेगळ्या टॅबमध्ये टाकली, आणि एक्सपायरीचा दिवस सुट्टीत आला की आधीच्या चालू दिवशी सरकतो.

5 एप्रिल, शनिवार

आकडेमोडीसाठी पूर्ण ब्लॅक-शोल्स नाही लावलं. ॲट द मनी स्ट्रॅडलला कच्चं सूत्र पुरतं:

```
straddle ≈ 0.8 × S × σ × √T
```

S म्हणजे निफ्टीचा भाव, σ म्हणजे वार्षिक अस्थिरता, T म्हणजे एक्सपायरीपर्यंत उरलेला वेळ, वर्षांत. यात कामाचा भाग फक्त √T. म्हणजे बाकी सगळं तसंच राहिलं तर स्ट्रॅडल उरलेल्या वेळाच्या वर्गमुळाने घटतो. दोन्ही घड्याळांचं भांडण फक्त T वरून आहे.

उदाहरणासाठी शुक्रवारचा 22,900 चा स्ट्रॅडल 460 पॉइंट धरला. हा गोल आकडा आहे, स्क्रीनवरचा भाव नाही, मुद्दाम असाच घेतला म्हणजे हिशेब डोळ्यासमोर राहतो. कॅलेंडरने शुक्रवारी साडेतीनला 5 दिवस, सोमवारी सव्वानऊला 2 दिवस आणि सव्वासहा तास, म्हणजे 2.26 दिवस. 2.26 भागिले 5 चं वर्गमूळ 0.67. म्हणजे स्ट्रॅडल 460 वरून 309 वर, दीडशे पॉइंट गायब, निफ्टी जागचा हलला नाही तरी. बहुतेक ब्रोकरच्या स्क्रीनवर जो थीटा दिसतो तो याच घड्याळाचा असतो, म्हणून मित्राच्या तोंडाला पाणी सुटतं.

आणि नुसतं बाजाराचं घड्याळ लावलं, फक्त चालू तास मोजले, तर शुक्रवारी साडेतीनला 3 सेशन बाकी आणि सोमवारी सव्वानऊलाही 3 च बाकी. घट शून्य.

एक म्हणतं दीडशे, दुसरं म्हणतं काहीच नाही. दोन्ही बरोबर असू शकत नाहीत, आणि माझ्या मते दोन्ही चूक आहेत.

6 एप्रिल, रविवार

आज रामनवमी, पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा, संध्याकाळी सेंट्रल ॲव्हेन्यूकडे जायची सोय नव्हती, म्हणून दुपारभर कूलरसमोर हेच.

बंद दिवसाला किती वजन द्यायचं हा खरा प्रश्न. यावर जुनं आणि भक्कम काम आहे, केनेथ फ्रेंच आणि रिचर्ड रोल यांचं, 1986 चं. अमेरिकन शेअर्सवर त्यांनी बघितलं की शुक्रवार बंद ते सोमवार बंद या तीन कॅलेंडर दिवसांतला व्हेरियन्स साध्या एका दिवसापेक्षा जेमतेम दहा-अकरा टक्के जास्त आहे. कॅलेंडर खरं असतं तर तो तिप्पट हवा होता. त्यातला मला आवडलेला भाग 1968 चा. त्या वर्षी कागदपत्रांचा ढीग उपसायला न्यूयॉर्कचा बाजार उत्तरार्धात बरेच बुधवार बंद ठेवायचे. बुधवारी दुनिया चालू, ऑफिसं चालू, बातम्या चालू, फक्त बाजार बंद. आणि तरी मंगळवार बंद ते गुरुवार बंद या दोन दिवसांचा व्हेरियन्स दुप्पट झाला नाही, दुपटीच्या आसपासही नाही. म्हणजे नुसत्या बातमीने भाव हलत नाही, सौदे करणारी माणसं बसलेली असली की हलतो.

पण ते न्यूयॉर्क होतं, स्वतःच मोठा बाजार. आपला बाजार बंद असताना अमेरिका चालू असेल तर आपल्या वाट्याची हालचाल तिकडे साचते आणि उघडताना एकदम अंगावर येते. म्हणून मी शनिवार-रविवार आणि मधल्या वारची सुट्टी यांना वेगवेगळं वजन दिलं. साध्या दिवसाचं वजन 1 धरलं, त्यात रात्र 0.25 आणि सेशन 0.75. शनिवार, रविवार प्रत्येकी 0.05. मधल्या वारची सुट्टी 0.30. हे आकडे हातानं धरलेले आहेत, सुरुवातीसाठी. तुमच्या डेटावर बसवून घ्या.

```python
from datetime import timedelta

W = {"day": 1.0, "weekend": 0.05, "holiday": 0.30}

def weight(last_close, expiry, holidays):
    total = 0.0
    d = last_close + timedelta(days=1)
    while d <= expiry:
        if d.weekday() >= 5:
            total += W["weekend"]
        elif d in holidays:
            total += W["holiday"]
        else:
            total += W["day"]
        d += timedelta(days=1)
    return total
```

शुक्रवार 4 साठी हे 3.1 देतं. सोमवारी उघडताना रात्रीचं 0.25 आणि दोन बंद दिवसांचं 0.10 संपलेलं, उरलं 2.75. 2.75 भागिले 3.1 चं वर्गमूळ 0.94. स्ट्रॅडल 460 वरून 433 वर. म्हणजे मिळणार 27 पॉइंट, दीडशे नाही, आणि त्यातलेही बरेचसे शुक्रवारच्या रात्रीचे, शनिवार-रविवारचे अगदीच थोडे.

एक भानगड नंतर लक्षात आली. 1 फेब्रुवारी 2025 ला शनिवार होता आणि बजेटमुळे बाजार पूर्ण दिवस चालू होता. हा कोड त्याला 0.05 देतो. चालू शनिवारांची वेगळी यादी करून ती आधी तपासायला लावली.

7 एप्रिल, सोमवार

बाजार उघडला तोच हजाराहून जास्त पॉइंटच्या खड्ड्यात. बंद 22,161.60, एका दिवसात 742.85 खाली. शुक्रवारच्या 22,900 च्या स्ट्रॅडलमधल्या पुटची नुसती आतली किंमतच बंद भावाला 738. मित्राचा फोन आला, मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "थीटा काऊन भेटला नाही बे?" मी म्हटलं, भेटला असेल, पण गॅपने गिळला.

आता हे बघून कुणी म्हणेल की शनिवार-रविवारला जास्त वजन द्यायला हवं. मला तसं वाटत नाही, आणि कारण घड्याळात आहे. चीनने अमेरिकेला उलटं टॅरिफ लावल्याची बातमी शुक्रवारी आपला बाजार मिटता मिटता आली. सध्या अमेरिकन बाजार आपल्या संध्याकाळी सातला उघडतो आणि रात्री दीडला बंद होतो, आणि त्या शुक्रवारच्या रात्री एस अँड पी 500 जवळजवळ 6 टक्के पडला. आजच्या खड्ड्याचा मोठा हिस्सा शुक्रवारच्या रात्रीचा आहे, जी रात्र आठवड्यात कुठल्याही वारी येऊ शकते. शनिवारी-रविवारी तिकडेही सगळं बंदच होतं. म्हणून शुक्रवार रात्रीला पूर्ण रात्रीचं वजन, शनिवार-रविवारला किरकोळ, हे मी तसंच ठेवतोय. एका सोमवारवरून वजन बदलायचं नाही.

10 एप्रिल, गुरुवार, सुट्टी

घरी होतो म्हणून डेटाचं काम काढलं. एनएसईच्या साइटवरून रोजची एफअँडओ भावकॉपी फुकट मिळते, खर्च काहीच नाही, फक्त वेळ जातो. आणि तो इथे गेला.

भावकॉपीतला ऑप्शनच्या शेवटच्या सौद्याचा भाव आणि निफ्टीचा क्लोज जोडून आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या भावातून उलटी काढलेली σ, काढली तर कॉलची एक आणि पुटची भलतीच यायची, एकाच स्ट्राइकला. आधी वाटलं व्याजदर चुकला. कारण वेगळंच निघालं. निफ्टीचा बंद भाव हा साडेतीनचा भाव नसतो, त्यातल्या शेअर्सच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीतून येतो. ऑप्शनचा शेवटचा सौदा मात्र शेवटच्या मिनिटांतला असतो. शेवटच्या अर्ध्या तासात निफ्टी साठ पॉइंट पळाला असेल तर स्पॉट मागे राहतो आणि ऑप्शन पुढे निघून गेलेला असतो. आणि शुक्रवारी शेवटच्या अर्ध्या तासातच तर आपल्याला बघायचं आहे.

उपाय: स्पॉट वापरायचाच नाही. त्याच स्ट्राइकचा कॉल वजा पुट अधिक स्ट्राइक, हा झाला ऑप्शनमधूनच निघणारा फ्युचर. तो S च्या जागी टाकला की कॉल-पुटची आयव्ही जुळून आली. उघडतानाचा भाव भावकॉपीत विश्वासाचा नसतो, सव्वानऊला स्प्रेड रुंद असतो, म्हणून सकाळी 9:25 च्या सुमाराला बिड आणि आस्कचा मध्य हातानं टिपायचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा सरळ रस्ता मला सापडला नाही.

आजच्या सुट्टीबद्दल एक गोष्ट. काल रात्री, आपला बाजार बंद झाल्यावर, अमेरिकेने टॅरिफ 90 दिवस थांबवल्याची बातमी आली आणि एस अँड पी साडेनऊ टक्के चढला. आज तो सुरू आहे आणि आपण घरी बसलोय. रविवारी असं होत नाही. सुट्टीला 0.30 द्यायचं की जास्त हे ठरायचं आहे, पण रविवारएवढंच द्यायचं नाही हे नक्की.

12 एप्रिल, शनिवार

काल अमेरिकेचा गुरुवारचा घसरणीचा दिवसही पचवून निफ्टी 22,828.55 ला बंद झाला, 1.92 टक्के वर. दोन रात्रींची उलथापालथ एका उघडण्यात निपटली.

आता ज्यासाठी हा एप्रिल मला सोन्यासारखा वाटतोय ते. काल 11 तारखेला पुढच्या एक्सपायरीपर्यंत, गुरुवार 17 पर्यंत, किती बाकी? सोमवारी 14 ला बाबासाहेबांची जयंती, सुट्टी. मग चालू दिवस 15, 16, 17, म्हणजे 3. मागच्या शुक्रवारीही 3 च होते. पण कॅलेंडरने तेव्हा 5, आता 6. बाजाराच्या लेखी दोन्ही शुक्रवार जवळजवळ सारखे, कॅलेंडरच्या लेखी एका दिवसाचा फरक.

दोन्ही वेळी स्ट्रॅडल 460 च धरला तर कॅलेंडरवाली आयव्ही मागच्या शुक्रवारी 21.5 येते आणि काल 19.6. भाव तोच, बाकी सेशन तेवढीच, आणि स्क्रीन म्हणते ऑप्शन स्वस्त झाले. स्वस्त काही झालेलं नाही. T मध्ये एक मेलेला दिवस घुसला, त्याची भरपाई आयव्हीने खाली जाऊन केली. लाँग वीकेंडच्या आधी "आयव्ही पडलीय, विकत घ्या" असं कुणी सांगितलं तर आधी त्याचा T बघा.

मंगळवारी सव्वानऊला काय दिसेल ते आजच मांडून ठेवलं, निफ्टी हलला नाही असं धरून. कॅलेंडर म्हणतं 6 वरून 2.26 दिवस, स्ट्रॅडल 282, म्हणजे 178 पॉइंटची कमाई. माझी शीट म्हणते 3.4 वरून 2.75, वर्गमूळ 0.90, स्ट्रॅडल 414, कमाई 46.

आणि समजा खरंच 414 निघाला, तर ब्रोकरची स्क्रीन मंगळवारी सकाळी 28.8 आयव्ही दाखवेल. शुक्रवारी 19.6, मंगळवारी 28.8, आणि मधे काहीच घडलेलं नाही. माझ्या T ने मोजलं, वर्षाचं एकूण वजन साधारण 258 धरून, तर दोन्हीकडे 22 च येतात. शीट बरोबर चाललीय की नाही हे ओळखायची हीच खूण: बंद दिवसांच्या दोन्ही बाजूंना आयव्हीत उडी दिसायला नको. दर सोमवारी वर उडी आली तर बंद दिवसांना वजन जास्त दिलंय, दर सोमवारी खाली पडली तर कमी दिलंय. एका सोमवारचा अर्थ नाही, बरेच लागतात.

इंडिया विक्सचंही असंच आहे. त्याच्या सूत्रात एक्सपायरीपर्यंतचा वेळ मिनिटांत मोजतात आणि ती मिनिटं कॅलेंडरची असतात, बंद दिवसांची धरून. म्हणून शुक्रवारी तो थोडा दबलेला आणि सोमवारी थोडा फुगलेला दिसायची प्रवृत्ती असते. सोमवारी विक्स दोन-तीन टक्के वर दिसला म्हणून लगेच भीती वाढली असं धरू नका.

15 एप्रिल, मंगळवार

काल संविधान चौकात पाय ठेवायला जागा नव्हती, मी संध्याकाळी जाऊन आलो, शीटला हात लावला नाही.

आज निफ्टी 23,328.55, पूर्ण 500 वर. शुक्रवारचा 22,850 चा स्ट्रॅडल 460 ला विकला असता तर बंद भावाला कॉलची आतली किंमतच 478. म्हणजे कॅलेंडरने कबूल केलेले 178 नाहीत आणि माझे 46 ही नाहीत, उलट खिशातून गेले. सलग दोन आठवडे विकणाऱ्याला फटका, पण यातून 'शुक्रवारी विकणं वाईट' असं निघत नाही. हा एप्रिल टॅरिफचा होता. नेहमीच्या काळात विकणाऱ्याच्या बाजूनेही पुरावा आहे, जोन्स आणि शेमेश यांनी अमेरिकन शेअर ऑप्शनवर दाखवलंय की बंद काळात ऑप्शन धरणाऱ्याचा परतावा सरासरीने खरंच खराब असतो. म्हणजे बाजार बंद दिवसांची घट आधीच पूर्ण कापून ठेवत नाही, काही शिल्लक राहते. फक्त ती शिल्लक स्क्रीनवरच्या थीटाएवढी नसते, आणि तिच्यासोबत गॅपची जोखीम येते.

आजची आयव्ही जुळवणी टाकून दिली. भाव 500 हलला की जुना ॲट द मनी स्ट्राइक पार आत जातो, त्याच्यावर घट मोजण्यात अर्थ नाही. असा गॅप आला की त्या सकाळचा नवा ॲट द मनी घ्यायचा आणि आयव्हीची तुलना करायची, प्रीमियमची नाही. आणि त्यातही भीती उतरल्यामुळे पडलेली आयव्ही वेगळी काढता येत नाही. ही ओळ शीटमध्ये लाल केलीय, सरासरीत घेतलेली नाही.

19 एप्रिल, शनिवार

मित्राला शीट दाखवली. त्याचा प्रश्न रास्त होता: बंद दिवसांची घट सोमवारी येत नाही, तर मग जाते कुठे?

दोन ठिकाणी. एक, ती मुळात नव्हतीच, कॅलेंडरने उगाच मांडली होती. दुसरं, जी थोडी आहे ती शुक्रवारी दुपारीच निघून जाते, कारण भाव देणाऱ्या मोठ्या खेळाडूंची घड्याळं आधीच पुढे सरकलेली असतात. हे बघायचं असेल तर शुक्रवारी दुपारी दोनपासून दर पंधरा मिनिटांनी स्ट्रॅडल टिपा, निफ्टी शांत असेल त्या दिवशी. शेवटच्या तासात तो √T च्या हिशेबापेक्षा जास्त उतरताना दिसला तर तेच ते. मग साडेतीनला विकणारा उरलंसुरलं विकतो आणि गॅप मात्र पूर्ण घेतो.

रात्रीचाही घोळ तोच आहे, फक्त लहान. एक्सपायरीला 2 दिवस असताना संध्याकाळ ते सकाळ कॅलेंडर 21 टक्के घट सांगतं, माझी शीट साडेसहा. आणि मग चालू सेशनमध्ये उलटं: कॅलेंडर 11 टक्के, शीट 24. म्हणून दिवसा विकून संध्याकाळी उचलणाऱ्याला स्क्रीनवरच्या थीटापेक्षा जास्त मिळाल्यासारखं वाटतं आणि रात्रभर धरणाऱ्याला कमी.

वजनं डेटावर बसवताना एक काळजी. परताव्याचे वर्ग घेऊन सोमवार विरुद्ध बाकी वार अशी तुलना केली की दोन-चार दिवसच अख्खा निकाल ठरवतात. शनिवार 1 जून 2024 ला संध्याकाळी एक्झिट पोल आले, सोमवारी निफ्टी सव्वातीन टक्के वर, मंगळवारी निकालाला जवळपास सहा टक्के खाली. तो शनिवार 0.05 चा नव्हताच, पण तो तारीख माहीत असलेला शनिवार होता. असे दिवस वेगळ्या यादीत टाकून हाताने वजन द्यायचं, आणि बाकीच्यांसाठी वर्गाऐवजी निव्वळ हालचालीची मध्यिका घ्यायची. त्याने आकडे बरेच स्थिर होतात.

29 ऑगस्ट, शुक्रवार

सोमवारपासून निफ्टीची एक्सपायरी मंगळवारवर, पहिली 2 सप्टेंबरला. शीटमध्ये एक्सपायरीचा वार बदलला आणि जुन्या तारखांसाठी गुरुवार तसाच ठेवला, नाहीतर मागचा डेटा बिघडतो.

शुक्रवारचा ऑप्शन आता आणखी फसवा झालाय. शुक्रवारी साडेतीनला कॅलेंडरने 4 दिवस, सोमवारी सव्वानऊला 1.26. कॅलेंडर सांगतं 44 टक्के घट. माझ्या वजनांनी 2.1 वरून 1.75, घट पावणेनऊ टक्के. दोघांतलं अंतर एप्रिलच्या लाँग वीकेंडपेक्षाही मोठं, आणि ते दर आठवड्याला, सुट्टी नसतानाही. मित्राला फोन करून सांगितलं, तो म्हणाला बघू.

पुढचं काम: 21 ऑक्टोबर मंगळवारी लक्ष्मीपूजन आणि 22 ला बलिप्रतिपदा, म्हणून ती एक्सपायरी सोमवारी 20 ला सरकते. 21 ला मुहूर्ताचा एक तास बाजार चालू असेल. कोड त्याला एकतर पूर्ण दिवस धरतो नाहीतर सुट्टी. सध्या सुट्टीचं 0.30 अधिक तासाचं 0.10 असं हाताने टाकलंय.